रीसेटच्या दिवशी फ्लोटरचा भाव नेमका १०० आला? आधी या चुका तपासा

फ्लोटिंग रेट नोटेबद्दल एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं: रीसेटच्या दिवशी तिचा भाव पारला येतो, म्हणजे १०० होतो. हे वाक्य एका अटीवर खरं आहे, आणि ती अट पाठ करताना गळून जाते. रोख्याच्या कागदावर लिहिलेला स्प्रेड आणि आज बाजार मागतोय तो स्प्रेड हे दोन्ही सारखे असतील, तरच भाव १०० येतो. ते वेगळे असतील तर दर कितीही ताजा असो, भाव १०० च्या वर किंवा खाली राहतो.

कागदावरचा स्प्रेड म्हणजे कोटेड मार्जिन. रोखा काढला त्या दिवशी तो ठरतो आणि मुदत संपेपर्यंत हलत नाही. बाजार आज मागतोय तो डिस्काउंट मार्जिन. कंपनीचं रेटिंग घसरलं, बाजारात रोख रकमेची चणचण झाली किंवा त्या रोख्याला गिऱ्हाईकच उरलं नाही, की तो वाढतो. बेंचमार्क दर दोन्हीकडे तोच असतो. म्हणून रीसेटच्या दिवशीचा भाव हा जवळजवळ पूर्णपणे या दोन मार्जिनमधल्या फरकाचा खेळ आहे. खालच्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळे होतात.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. एका कंपनीचा फ्लोटर आहे, दर्शनी किंमत १०० रुपये, मुदतीची बरोबर ३ वर्षं उरली आहेत, कूपन सहामाही. बेंचमार्क १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा यील्ड. कोटेड मार्जिन ६० बेसिस पॉइंट, म्हणजे ०.६० टक्के. सहा महिन्यांपूर्वी बेंचमार्क ६.९० टक्के होता. आज रीसेट आहे आणि नवा दर ६.५० टक्के ठरला. दरम्यान कंपनीचं रेटिंग एक पायरी खाली आलं, त्यामुळे बाजार आता १०० बेसिस मागतोय. (आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी परिस्थिती बाजारात नेहमीची.)

पुढचं प्रत्येक कूपन ६.५० अधिक ०.६०, म्हणजे वार्षिक ७.१० टक्के, सहामाही ३.५५ रुपये. सूट देण्याचा दर ६.५० अधिक १.००, म्हणजे ७.५० टक्के, सहामाही ३.७५ टक्के. हप्ते ६. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=-PV((6.5%+1.00%)/2, 6, 100*(6.5%+0.60%)/2, 100)
```

उत्तर ९८.९४. सहा कूपनांचं आजचं मूल्य १८.७६ रुपये आणि मुद्दलाचं ८०.१८ रुपये, दोन्हींची बेरीज ती.

या उत्तराकडे आणखी एका वाटेने जाता येतं, आणि मला तीच जास्त आवडते, कारण तिच्यात चूक लपवायला जागा राहत नाही. बाजाराला दर सहामाहीला ३.७५ रुपये हवेत, रोखा देतोय ३.५५. म्हणजे दर हप्त्याला २० पैसे कमी पडतात. ३.७५ टक्के दराने सहा हप्त्यांचा वार्षिकी गुणक ५.२८५ येतो. २० पैसे गुणिले ५.२८५ म्हणजे १.०६ रुपये. १०० मधून ते वजा केले की पुन्हा ९८.९४.

```
Price = 100 + 100*(QM - DM)/2 * [1 - (1 + r)^-N]/r
r = (Index + DM)/2
```

जुना दर घेतला आणि उत्तर १०० आलं

ही सर्वांत फसवी चूक, म्हणून आधी तिच्याबद्दल.

शीटमध्ये कूपनाचा रकाना मागच्या वेळचाच राहतो. मागच्या सहामाहीचं कूपन ६.९० अधिक ०.६० म्हणजे ७.५० टक्के होतं, हप्ता ३.७५ रुपये. सूट देण्याच्या दरात मात्र आजचा ६.५० टाकलेला असतो, म्हणून तो अर्ध्या वर्षाला ३.७५ टक्के. कूपन ३.७५, सूट ३.७५ टक्के, उत्तर बरोबर १००. बघणाऱ्याला वाटतं, रीसेटचा दिवस आहे, भाव पारला आला, झालं. कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. प्रत्यक्षात बेंचमार्क ४० बेसिसने उतरला आणि मार्जिनांमधला फरकही ४० बेसिसचा निघाला, एवढाच तो योगायोग. एका रुपयाहून जास्त रक्कम त्यात गडप झाली. १० कोटींच्या दर्शनी किमतीवर ही चूक साधारण १०.५७ लाखांची होते.

याच चुकीचं सौम्य रूप म्हणजे फक्त पहिलं कूपन जुन्या दराने धरणं. "पहिलं कूपन आधीच ठरलेलं असतं" हे खरं असतं, पण दोन रीसेटच्या मधल्या दिवसांसाठी. रीसेटच्या दिवशी जुन्या दराचं कूपन हातात पडतं आणि पुढचं पहिलं कूपन नव्या दराचं असतं. जुनं धरलं तर भाव ९९.१४ येतो, १९ पैशांनी जास्त. इतका लहान फरक कोणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणून तो जास्त दिवस टिकतो.

ओळखायचं कसं? भाव नेमका १०० आला की कोटेड मार्जिन आणि डिस्काउंट मार्जिन शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे नसतील तर १०० हे उत्तर असूच शकत नाही. तपासणी पाच सेकंदांची आहे.

आजचं कूपन भावात मिसळणं

रीसेटचा दिवस आणि कूपन देण्याचा दिवस बहुतेक फ्लोटरमध्ये एकच असतो. आपल्या उदाहरणात आज ३.७५ रुपयांचं कूपन मिळणार आहे. ते आजच्या मालकाचं आहे, उद्याच्या खरेदीदाराचं नाही. सूत्र पहिला हप्ता सहा महिन्यांनंतर धरतं, आजचा त्यात येतच नाही. तो मिळवला तर ९८.९४ चे १०२.६९ होतात.

याचा एक फायदाही आहे. या दिवशी साचलेलं व्याज शून्य असतं, त्यामुळे क्लीन भाव आणि डर्टी भाव एकच. तुमच्या प्रणालीत रीसेटच्या दिवशी या दोघांत फरक दिसत असेल, तर कूपनाची तारीख चुकीची भरलेली आहे किंवा हप्ते मोजताना आजचा दिवस धरला गेला आहे. सहा हप्त्यांच्या जागी सात दिसतात का, तेही तिथेच बघून घ्या.

मार्जिनांची अदलाबदल

कूपनात डिस्काउंट मार्जिन आणि सूट देण्याच्या दरात कोटेड मार्जिन असं उलटं भरलं, तर आपल्या उदाहरणाचा भाव १०१.०६ येतो. आकडा दिसायला वाजवीच. म्हणून आकडा काढण्याआधी दिशा तोंडी सांगायची सवय लावावी: बाजार मागतोय त्यापेक्षा रोखा कमी देतोय, तर भाव १०० च्या खाली, जास्त देतोय, तर वर. इथे रोखा ६० देतोय, बाजार १०० मागतोय. भाव खालीच हवा.

या दिशेचं जिवंत उदाहरण केंद्र सरकारच्या रोख्यांतच सापडतं. २०३३ चा आणि २०३४ चा फ्लोटिंग रेट बाँड, दोघांचा बेंचमार्क एकाच पद्धतीने ठरतो: १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या मागच्या तीन लिलावांतल्या भारित सरासरी यील्डची सरासरी. कागदावरचा स्प्रेड मात्र पहिल्याचा १.२२ टक्के, दुसऱ्याचा ०.९८ टक्के. सरकार तेच, मुदतीत जेमतेम एका वर्षाचं अंतर. बाजार दोन्हींवर सारखाच डिस्काउंट मार्जिन मागत असेल, तर २०३३ च्या रोख्याचा भाव वरच असायला हवा, कारण तो दर वर्षी २४ बेसिस जास्त देतोय. तुमच्या शीटमध्ये उलटं दिसलं तर मार्जिनांचे रकाने तपासा. दोघांच्या रीसेटच्या तारखा वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाच दिवशी दोन्हींना हे सूत्र लावता येत नाही, तेवढं लक्षात ठेवून तुलना करा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यांबद्दलही अनेक जण हाच हिशोब विचारतात. ते राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त देतात, पण त्यांची बाजारात खरेदी-विक्री होत नाही. भावच नाही, तर डिस्काउंट मार्जिन कुठून काढणार?

बेंचमार्क अर्धा केला, मार्जिन अख्खाच राहिला

६.५० ला दोनने भागून ३.२५ केले, पण मार्जिन वार्षिकच जोडला. कूपन ३.२५ अधिक ०.६० म्हणजे ३.८५, सूट ३.२५ अधिक १.०० म्हणजे ४.२५ टक्के. भाव ९७.९२. बरोबर उत्तर १०० च्या १.०६ खाली होतं, हे २.०८ खाली आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिमाही फ्लोटरमध्ये हीच चूक जवळपास चौपट दिसते. भावातली तूट अपेक्षेच्या पटीत आली की कंस तपासायचा: आधी बेंचमार्क आणि मार्जिन यांची बेरीज, मग वर्षातल्या हप्त्यांच्या संख्येने भागाकार. दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे ६० बेसिस ०.०६ टक्के म्हणून भरणं. तसं केलं तर भाव ९७.५२ येतो.

बेंचमार्क वाढला आणि भाव धाडकन पडला

इथे जरा थांबायला हवं, कारण ही चूक फक्त आकड्याची नाही. फ्लोटर कशासाठी घेतो, तेच तिच्यामुळे उलटं समजलं जातं.

समजा आज बेंचमार्क ६.५० ऐवजी ७.५० टक्के ठरला असता. शीटमध्ये कोणी सूट देण्याचा दर ८.५० टक्क्यांवर नेतो आणि कूपन ३.५५ वरच ठेवतो. भाव ९६.३६ येतो आणि तो घाबरतो. पण कूपनही त्याच बेंचमार्कवर चालतं. ते आता ४.०५ झालं, सूट ४.२५ टक्के. तूट पुन्हा २० पैशांचीच, फक्त थोड्या जास्त दराने सूट मिळालेली. भाव ९८.९६. म्हणजे बेंचमार्क पूर्ण एक टक्का वाढला आणि भाव हलला पावणेदोन पैशांनी, तोही वरच्या बाजूला. तूट जास्त दराने आज स्वस्त झाली, म्हणून वर.

आता बेंचमार्क ६.५० वरच ठेवा आणि डिस्काउंट मार्जिन १.०० वरून २.०० टक्के करा. सूट ४.२५ टक्के, कूपन ३.५५, भाव ९६.३६. मघाचा चुकीचा आकडा इथे बरोबर उत्तर म्हणून येतो, २.५८ रुपयांची घट. फ्लोटर व्याजदराच्या जोखमीतून मोठ्या प्रमाणात सुटतो, पण स्प्रेडच्या जोखमीतून नाही; तिथे तो तीन वर्षांच्या स्थिर कूपनाच्या रोख्यासारखाच वागतो. "फ्लोटर आहे, भाव पडणार नाही" असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी मांडून दाखवावेत.

म्हणून नवीन शीट तयार झाली की तिची एक परीक्षा घ्या. बेंचमार्कचा एकच रकाना असू द्या, कूपन आणि सूट दोन्ही त्यालाच जोडलेले. तो रकाना एक टक्का वर करा. भाव काही पैशांपलीकडे हलला, तर बेंचमार्क कुठेतरी हाताने लिहिलेला राहिला आहे.

या परीक्षेला एक पोट-अट आहे. वर आपण असं धरलं की नवा दर ठरतानाच बेंचमार्क ७.५० होता. तो ६.५० ला ठरला आणि दुपारी बाजार एक टक्का वर गेला, तर पहिलं कूपन ३.५५ वर अडकलेलं असतं, बाकीची पाच ४.०५ धरायची. भाव ९८.४८ येतो, साधारण ४६ पैशांची घट. म्हणजे फ्लोटरला व्याजदराची जोखीम असते, पण ती फक्त पुढच्या रीसेटपर्यंतच्या काळाची. रीसेटनंतरच्या कोणत्याही दिवशी हे एका ओळीचं सूत्र वापरू नका. तिथे ठरलेलं पहिलं कूपन वेगळं धरावं लागतं आणि साचलेलं व्याज वजा करावं लागतं.

सूत्र कुठे लावायचंच नाही

हे सूत्र आजचा बेंचमार्क मुदत संपेपर्यंत तसाच राहील असं धरतं. बाजार दर उतरतील असं मानत असला तरीही. वर दिसलं की बेंचमार्कच्या पातळीने भाव फारसा हलत नाही, म्हणून ही सरलता चालून जाते. चालत नाही ते अर्धवट मिश्रण: कूपनं फॉरवर्ड दरांनी अंदाजायची आणि सूट मात्र आजच्या सपाट दराने द्यायची. फॉरवर्ड वापरायचे तर दोन्हीकडे वापरा.

अमेरिकन डॉलरच्या फ्लोटरमध्ये आणखी एक अडचण येते. डॉलर लायबॉर जून २०२३ अखेर बंद झाला आणि नव्या रोख्यांत सोफर आला. अनेक रोख्यांत तो काळभर चक्रवाढ होऊन शेवटी ठरतो. अशा रोख्यात रीसेटच्या दिवशी पुढचं कूपन ठरलेलंच नसतं, त्यामुळे "आजचा दर अधिक कोटेड मार्जिन" हा केवळ अंदाज असतो. अमेरिकी सरकारचे दोन वर्षांचे फ्लोटर २०१४ पासून निघतात; त्यांचा दर १३ आठवड्यांच्या बिलाच्या लिलावाप्रमाणे दर आठवड्याला बदलतो आणि व्याज तिमाही मिळतं. त्यांना सहामाही सूत्र लावून काहीच हाती लागत नाही.

दिवस मोजण्याची पद्धतही बघा. आपल्या सरकारी रोख्यांत ३०/३६० असते, त्यामुळे सहामाही म्हणजे नेमकं अर्धं वर्ष, आणि सूत्र जसंच्या तसं बसतं. प्रत्यक्ष दिवस भागिले ३६० अशी पद्धत असेल तर १८२ दिवसांचा हप्ता अर्ध्यापेक्षा थोडा मोठा येतो, ०.५०५६. तो कूपनात धरला आणि सूट देताना विसरला, तर आपल्या उदाहरणात दर हप्त्याला चार पैसे जास्त धरले जातात, आणि सहा हप्त्यांत ते २० पैशांच्या घरात जातात. दरावर कमाल किंवा किमान मर्यादा घातलेली असेल, तर तो वेगळा प्रकार: त्यात ऑप्शन दडलेला असतो आणि या सूत्राला तो दिसत नाही.

भावावरून मार्जिन काढताना

बरेचदा प्रश्न उलटा असतो: भाव ९८.९४ दिसतोय, बाजार किती मार्जिन मागतोय? घाईत सगळे तुटीला वर्षांनी भागतात. १.०६ भागिले ३ म्हणजे ०.३५, त्यात ०.६० मिळवले की ०.९५ टक्के. खरं उत्तर १.००. पाच बेसिसचा हा फरक येतो, कारण तूट तीन वर्षं हप्त्याहप्त्याने भरून येते आणि उशिराच्या पैशाला आज कमी किंमत असते. १.०६ ला वार्षिकी गुणकाने, ५.२८५ ने, भागून दुप्पट करा म्हणजे ०.४० येतील. गुणकासाठी मार्जिन आधीच माहीत हवा ही अडचण वाटते, पण एक्सेल ती सोडवतं:

```
=2*RATE(6, 3.55, -98.943, 100) - 6.5%
```

यात ३.५५ च्या जागी आजच्याच बेंचमार्कने काढलेलं कूपन घाला. शेवटी वजा होणारा ६.५ टक्केही तोच असला पाहिजे. या दोन जागी वेगवेगळे दर पडले, तर ४० बेसिसचा फरक बाजाराच्या नावावर लागतो आणि कंपनीची पत अचानक सुधारल्यासारखी किंवा बिघडल्यासारखी दिसते. आपल्याच उदाहरणात कूपन जुनं, ३.७५ ठेवलं, तर हे सूत्र १.४० टक्के सांगतं.